तेवीस वर्षांचा खुबा: झिजलेलं लायनर, विरघळलेलं हाड आणि पुनर्शस्त्रक्रियेची आखणी

रुग्ण ६१ वर्षांचे, सातारा जिल्ह्यातले निवृत्त शिक्षक. २००१ साली, वयाच्या ३८व्या वर्षी, उजव्या मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटला, डोकं खचलं आणि खुब्याचा सांधा बदलावा लागला. त्या वेळी बसवलेला सांधा हायब्रिड पद्धतीचा होता. कटीच्या खोबणीत बिनसिमेंटचा ५४ मिमी टायटॅनियम कप, दोन स्क्रूंनी घट्ट केलेला. त्यात साध्या पॉलिइथिलीनचं लायनर, म्हणजे अस्तर. मांडीच्या हाडात सिमेंटने बसवलेला स्टेम, म्हणजे धातूचा दांडा, आणि त्यावर २८ मिमी व्यासाचं कोबाल्ट-क्रोमचं हेड. (तपशील एकाच माणसाचे नाहीत. सारख्या वाटेने गेलेल्या रुग्णांवरून हे प्रकरण जुळवलं आहे.)

पहिली आठ वर्षं ते तपासणीला येत होते. २००९ नंतर आले नाहीत, कारण काहीच दुखत नव्हतं. आता आठ महिन्यांपासून मांडीच्या पुढच्या भागात दुखतं. दुखण्याची तऱ्हा ऐकण्यासारखी आहे: खुर्चीतून उठल्यावर पहिली चार-पाच पावलं जीव नकोसा होतो, मग चालत राहिलं की कळ बसते, आणि फार चाललं की पुन्हा सुरू होते. रात्री झोपेत दुखत नाही, ताप नाही, जखमेच्या व्रणाजवळ कधी पाणी आलेलं नाही. शिवाय गेल्या दोन वर्षांत विजारीचा उजवा पाय जमिनीला घासू लागला, तो शिंप्याकडून वर शिवून घेतल्याचं त्यांनी सहज सांगितलं. मोजल्यावर उजवा पाय १ सेंमी आखूड निघाला.

उठताना होणारी ही कळ सैल स्टेमची आहे. बसल्यावर स्टेमवरचा भार जातो, तो किंचित वर सरकतो. उभं राहिल्यावर पहिल्या काही पावलांत पुन्हा खाली रुततो, आणि रुतताना दुखतं. कप सैल असता तर दुखणं जांघेत किंवा कुल्ल्यात सांगितलं असतं. हाड विरघळणं, म्हणजे ऑस्टिओलिसिस, स्वतः सहसा दुखत नाही. हाडात लिंबाएवढा खड्डा पडला तरी माणूस आरामात शेतात जाऊन येतो. दुखू लागतं ते आधार सुटल्यावर किंवा हाड मोडल्यावर, म्हणून दुखणं हे या आजाराचं उशिराचं लक्षण मानावं लागतं.

फिल्म वाचताना

समोर खुब्याच्या दोन एक्स-रे फिल्म होत्या, २००९ ची आणि २०२४ ची. सुरुवात मोजपट्टीने करायची. फिल्मवर प्रतिमा मोठी दिसते, पण हेडचा खरा व्यास माहीत असल्यामुळे हिशेब सोपा आहे. २०२४ च्या फिल्मवर हेड ३२.५ मिमी मोजलं, खरं २८ मिमी, म्हणजे प्रतिमा १.१६ पट मोठी. कपच्या कडेवर वर्तुळ बसवून त्याचा मध्य काढला, हेडचाही काढला. नव्या सांध्यात हे दोन मध्य जवळजवळ एकावर एक असतात. इथे हेडचा मध्य वर आणि बाहेरच्या बाजूला ५.२ मिमी सरकलेला होता. त्याला १.१६ ने भागलं की ४.५ मिमी. एवढं पॉलिइथिलीन हेडने आत शिरून खाल्लं. ५४ चा कप, त्याचा आतला व्यास ४६, त्यात २८ चं हेड, म्हणजे लायनरची जाडी मुळात ९ मिमी होती आणि वरच्या बाजूला आता निम्मीच उरली.

२३ वर्षांत ४.५ मिमी म्हणजे वर्षाला सुमारे ०.२ मिमी. झिजेचा वेग वर्षाला ०.१ मिमीच्या खाली असलेल्या खुब्यांत हाड विरघळणं क्वचितच दिसतं, आणि ०.२ च्या आसपास ते अपेक्षितच धरावं. आता २००९ ची फिल्म त्याच पद्धतीने मोजली. सरकणं १.४ मिमी, म्हणजे वर्षाला ०.१७. सुरुवातीच्या वर्ष-दोन वर्षांत दाबाने लायनर थोडं बसतं, तो भाग झिजेत धरायचा नसतो. तो वजा केला तरी वेग ०.१ च्या वरच राहतो. शिवाय मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला बाहेर असलेल्या उंचवट्यात, म्हणजे मोठ्या ट्रोकँटरमध्ये, नखाएवढी गोल काळसर जागा आणि स्टेमच्या आतल्या बाजूला वरच्या टोकाचं हाड गोलसर झालेलं. ही फिल्म ‘ठीक’ म्हणून परत दिली गेली होती. त्या दिवशी मोजपट्टी लावली असती तर त्यांना दरवर्षी बोलावलं गेलं असतं, आणि कदाचित लायनर बदलण्यावरच निभावलं असतं. फिल्म नुसती पाहून चालत नाही, ती आधीच्या फिल्मशेजारी ठेवून मोजावी लागते.

स्टेमभोवतीच्या हाडाचे समोरून सात भाग पाडतात, १९७९ साली ग्रुएन आणि सहकाऱ्यांनी सुचवल्याप्रमाणे. बाहेरच्या बाजूने वरून खाली १, २, ३, टोकाखाली ४, आणि आतल्या बाजूने खालून वर ५, ६, ७. २०२४ च्या फिल्मवर १ आणि ७ मध्ये हाड मोठ्या प्रमाणात गेलेलं. ट्रोकँटरमधली जागा आता ३ सेंमी बाय २.५ सेंमी. सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये ४ सोडून सगळ्या भागांत काळी रेघ. ३ मध्ये, स्टेमच्या टोकाजवळ, बाहेरच्या भिंतीला आतून वाटीसारखा खळगा पडून तिथली भिंत २.५ मिमी उरलेली. ५ मध्ये सिमेंटला आडवी भेग. आणि १ मध्ये स्टेम व सिमेंट यांच्यामध्येही नवी फट, जी २००९ मध्ये नव्हती.

यातली प्रत्येक खूण सारख्या वजनाची नाही. हाड आणि सिमेंट यांच्यातली बारीक रेघ कित्येक चांगल्या खुब्यांत दिसते. रेघ २ मिमीहून रुंद असेल, वर्षागणिक वाढत असेल, पूर्ण भोवती फिरत असेल, तर सैलपणाचा संशय बळावतो. पण संशयाची खात्री करून देतात त्या तीन गोष्टी: स्टेम सरकणं, सिमेंट मोडणं, आणि आधी नसलेली स्टेम-सिमेंट फट. इथे तिन्ही आहेत. ट्रोकँटरच्या टोकापासून स्टेमच्या खांद्यापर्यंतचं अंतर, प्रतिमेचा मोठेपणा वजा करून, २००९ मध्ये ११ मिमी होतं, आता १७. स्टेम ६ मिमी खाली उतरला. त्यात लायनरमध्ये हेड वर चढलेले सुमारे ४ मिमी मिळवले की १ सेंमी होतात. विजार वर का शिवावी लागली, याचा हिशेब इथे पूर्ण जुळतो. असा हिशेब जुळला नाही तर काहीतरी नजरेतून सुटलं आहे असं समजावं.

कपाची गोष्ट वेगळी निघाली. कप जागचा हललेला नव्हता, कल ४६ अंश दोन्ही फिल्मवर सारखा, स्क्रू अखंड, वरच्या-बाहेरच्या कडेशी हाडाचे तंतू थेट धातूला भिडलेले. पण कपाच्या मागे, स्क्रूभोवती, काळी पोकळी. समोरून घेतलेल्या फिल्मवर धातूचा कपच पोकळी झाकतो, त्यामुळे कटीच्या हाडातलं नुकसान नेहमी कमी दिसतं. म्हणून तिरप्या फिल्म आणि धातूची चमक कमी करणारं सीटी केलं. सीटीत दोन पोकळ्या स्पष्ट झाल्या. एक वर, स्क्रूच्या वाटेने चढलेली, साधारण ३ सेंमी उंच. दुसरी मागे-खाली, बैठकीच्या हाडात शिरलेली. मागचा खांब पातळ, पण अखंड. कपाच्या निम्म्याहून अधिक कडेला हाड चिकटलेलं.

हाड कोणी खाल्लं

१९७० आणि ८० च्या दशकांत सिमेंट लावलेल्या स्टेमभोवती हाड विरघळलेलं दिसू लागलं तेव्हा दोष सिमेंटवर गेला आणि ‘सिमेंटचा आजार’ असं नाव पडलं. त्यातून बिनसिमेंटचे सांधे पुढे आले. काही वर्षांत त्यांच्याभोवतीही तेच खड्डे दिसले. मग लक्ष गेलं कणांकडे. खुबा बदलण्याची पद्धत रुजवणारे ब्रिटिश शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९६२ च्या अखेरीस पॉलिइथिलीन वापरायला घेतलं, त्याआधी त्यांचे टेफ्लॉनचे कप भराभर झिजून भोवती गाठी झाल्या होत्या. म्हणजे कणांची ताकद अगदी सुरुवातीलाच दिसली होती. पॉलिइथिलीनच्या बारीक कणांनाही तीच ताकद असते हे मान्य व्हायला मात्र वेळ गेला.

या रुग्णात किती कण तयार झाले असतील? हेड १४ मिमी त्रिज्येचं, ४.५ मिमी आत गेलेलं: π × १४ × १४ × ४.५, म्हणजे जवळजवळ २,७७० घन मिमी. चहाच्या चमच्यात निम्म्याहून थोडं जास्त मावेल एवढं प्लास्टिक. वर्षाला १२०. ते सगळं अर्ध्या मायक्रॉनच्या गोळ्यांत फुटलं असं धरलं तर एका घन मिलिमीटरमधून सुमारे १,५०० कोटी कण निघतात. वर्षाला त्या पायाची दहा लाख पावलं धरली, तर प्रत्येक पावलाला अठरा लाख कण. प्रत्यक्षात कण सारख्या आकाराचे नसतात, त्यामुळे नेमका आकडा धरून बसू नये. पण संख्या कोणत्या पट्टीत आहे ते यातून कळतं.

आकाराला इतकं महत्त्व का, तेही इथेच सांगायला हवं. मोठा तुकडा आला तर शरीर त्याच्याभोवती पेशींचं कुंपण घालून त्याला बाजूला ठेवतं. ०.१ ते १ मायक्रॉनचा कण मात्र जिवाणूच्या मापाचा असतो. मॅक्रोफेज पेशी त्याला जिवाणू समजून गिळते आणि पचवू शकत नाही, कारण पॉलिइथिलीन तोडणारं रसायन तिच्याकडे नाही. ती चेतलेली राहते आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ व ६ यांसारखे निरोप सोडत राहते. त्या निरोपांनी आसपासच्या पेशींवर रँक-लायगँड वाढतं, आणि रँक-लायगँड मिळालं की पूर्वपेशींपासून ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड खाणाऱ्या पेशी, तयार होतात. हाड घालणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशी याच कणांमुळे मंदावतात. खाणं वाढलं आणि भरणं घटलं, त्यामुळे खड्डा मोठाच होत जातो. जंतू कुठेच नाही, म्हणून सैल होण्याच्या या प्रकाराला ॲसेप्टिक लूझनिंग म्हणतात.

कण कपाच्या मागे कसे पोचले? सांध्यातलं पाणी दर पावलाला दाबलं जातं आणि जिथे फट मिळेल तिथे शिरतं. कपाला स्क्रूसाठी भोकं आहेत, सिमेंट आणि हाड यांच्यात फट आहे. सांध्याची हद्द दिसते त्यापेक्षा मोठी असते. पाणी जिथवर पोचतं तिथवर सांधा. हे ध्यानात ठेवलं की फिल्मवरच्या खड्ड्यांच्या जागा कोड्यासारख्या वाटत नाहीत. वरची पोकळी स्क्रूच्या वाटेवरच होती. ३ मधला खळगा सिमेंटच्या भेगेसमोर होता.

जंतू नाहीत याची खात्री

सैल सांधा पाहिला की जंतुसंसर्ग वगळल्याशिवाय पुढचं काही ठरवू नये. मंद संसर्ग हुबेहूब असाच दिसू शकतो, आणि तसा असेल तर शस्त्रक्रियेची सगळी आखणी बदलते. फिल्मवर झपाट्याने पसरलेली रेघ किंवा हाडावर नव्या थराची पापुद्री दिसली तर संशय जास्त. इथे ती नव्हती. रक्तातल्या सूज दाखवणाऱ्या तपासण्या: ईएसआर २८, सीआरपी लिटरमागे ६ मिलिग्रॅम. त्यांना तीन आठवड्यांपूर्वी लघवीच्या तक्रारीसाठी पाच दिवस प्रतिजैविकं मिळाली होती, हे विचारल्यावरच कळलं. प्रतिजैविक बंद होऊन किमान दोन आठवडे झाल्याशिवाय सांध्यातलं पाणी काढू नये, नाहीतर जंतू असूनही वाढत नाहीत. दोन आठवडे उलटून गेल्याची खात्री करून सी-आर्म या क्ष-किरण यंत्राखाली सुई घातली. ७ मिली गढूळ पिवळं पाणी आलं. गढूळ पाहून घाबरायचं कारण नव्हतं. पॉलिइथिलीनच्या चुऱ्यानेही पाणी दुधाळ दिसतं. पांढऱ्या पेशी प्रति मायक्रोलिटर ९००, त्यात न्यूट्रोफिल ३८ टक्के. ३,००० च्या वर पेशी आणि ८० टक्क्यांच्या वर न्यूट्रोफिल असते तर संसर्ग धरला असता. कल्चर चौदा दिवस ठेवलं, काही वाढलं नाही. पाचव्या दिवशी ‘वाढ नाही’ असा कागद आणून काम सुरू करणं चूक, कारण त्वचेवरचे सावकाश वाढणारे जंतू दुसऱ्या आठवड्यात दिसतात. आपल्याकडे क्षयाची तपासणीही त्याच नमुन्यावर मागून ठेवावी. तीही निरंक आली.

थांबून पाहण्याचा पर्याय बाजूला पडला तो ३ मधल्या भिंतीमुळे. अडीच मिलिमीटरची भिंत, आत हलणारं स्टेमचं टोक. ती मोडली की सैल स्टेम, खराब हाड आणि अस्थिभंग असं तिन्ही एकत्र हाताळावं लागतं. गोळ्यांनी हा आजार थांबवण्याचे प्रयोग झालेत, पण सैल झालेला स्टेम औषधाने घट्ट होत नाही.

आखणी: आधी कागद, मग कप, मग स्टेम

पहिलं काम जुना कागद शोधण्याचं. डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘उजवा खुबा, हायब्रिड’ एवढंच. बिलाच्या मागे चिकटवलेल्या स्टिकरची छायाप्रत सापडली, त्यावरून कपाची जात आणि माप कळलं. त्या जातीचं लायनर आता बनत नाही, हे पुरवठादाराकडून लेखी घेतलं. ही चौकशी शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात केली तर उशीर होतो. हाती सापडलेल्या लायनरचं माप जुळतं म्हणून दुसऱ्या कंपनीचं लायनर कपाच्या खाचेत बसवू नये. खाच जुळत नाही आणि लायनर निसटतं.

कप काढायचा की ठेवायचा, हाच या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय. काढण्याच्या बाजूने: मागे पोकळ्या आहेत, मोकळेपणाने साफ करता येतील, नवा मोठा कप आणि मोठं हेड बसेल. ठेवण्याच्या बाजूने: कप घट्ट आहे, कल ४६ आणि पुढे वळण १८ अंश, दोन्ही चांगल्या मर्यादेत, आणि जे हाड त्याला धरून आहे तेच आता पोकळ्यांच्या मधोमध उरलेलं चांगलं हाड आहे. घट्ट कप वक्र पात्यांनी नीट काढला तरी काही मिलिमीटर हाड जातंच. मागचा खांब पातळ असताना ते गेलं तर कटी वरच्या आणि खालच्या अर्ध्यात तुटू शकते. चांगल्या जागी घट्ट बसलेला कप फक्त पोकळीच्या आकाराला घाबरून काढू नये, असं आमचं मत आहे.

मग त्याच कपात नवं, कमी झिजणारं क्रॉसलिंक केलेलं लायनर सिमेंटने बसवायचं. मापं अशी: कपाचा आतला व्यास ४६, भोवती २ मिमी सिमेंटची जागा, म्हणून लायनर बाहेरून ४२ चं. त्यात ३२ चं हेड घेतलं तर पॉलिइथिलीन ५ मिमी उरतं. ३६ चं घेतलं तर ३ मिमी, ते फार पातळ. म्हणून ३२ वर थांबायचं. ४६ ऐवजी आतला व्यास ४२ असता तर हेड २८ चंच घ्यावं लागलं असतं, निखळण्याचा धोका वाढला असता, आणि तेव्हा कप काढण्याच्या बाजूला पारडं झुकलं असतं. सगळा निर्णय या चार मिलिमीटरवर फिरतो. तरीही दुसरी तयारी टेबलावर हवी: वक्र पाती, ५८ ते ६४ मापाचे सच्छिद्र कप, स्क्रू, आणि निखळण्याची भीती वाटली तर दोन ठिकाणी फिरणाऱ्या ड्युअल मोबिलिटी सांध्याचा संच. शस्त्रक्रियेत कप सैल निघाला तर धावाधाव नको.

स्टेमच्या बाजूला, उरलेल्या हाडाची प्रत ठरवणाऱ्या पॅप्रॉस्की वर्गीकरणाने, हाड ३-अ: वरचा भाग आधाराला निकामी, पण खालच्या नळीत चार सेंमीहून अधिक चांगलं हाड आहे. अशा हाडात वरच्या भागावर भिस्त ठेवणारा स्टेम पुन्हा सैल होतो. खालच्या नळीत पाचरीसारखा रुतणारा, उभ्या कडांचा टायटॅनियम स्टेम हवा. जुना सिमेंट काढण्यासाठी ट्रोकँटरपासून हाडाची बाहेरची फळी दारासारखी उघडायची. फळीची लांबी ट्रोकँटरच्या टोकापासून १४ सेंमी ठरवली, म्हणजे खळगा फळीच्या आतच येतो. नव्या स्टेमचं टोक कुठे यावं हे दोन हिशेबांनी काढलं. खळगा १३५ मिमीवर, हाडाचा बाहेरचा व्यास २८. खळग्याच्या पुढे दोन व्यास जायला हवं, म्हणजे १९१. फळीच्या तळापासून किमान पाच-सहा सेंमी पकड हवी, म्हणजे २००. दोन्ही आकडे जवळ आले, म्हणून टोक २०५ मिमीच्या आसपास. याहून लांब सरळ स्टेम घातला तर मांडीच्या हाडाच्या पुढच्या बाकाला टोक टेकतं आणि हाड पुढून फुटतं. बाजूने घेतलेल्या फिल्मवर हे आधी पाहून ठेवलं. मापाच्या फिल्मवेळी खुब्याच्या पातळीवर २५ मिमीचा धातूचा गोळा ठेवला होता. तो मांडीवर किंवा टेबलावर ठेवला तर सगळं माप चुकतं.

पोकळ्या भरण्यासाठी मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाच्या ऊतीपेढीतून किरणांनी निर्जंतुक केलेलं हाड मागवलं. ते आधीच हातात असावं.

शस्त्रक्रिया

कुशीवर झोपवून मागच्या बाजूने उघडलं. संसर्गाच्या तपासण्या निरंक असल्यामुळे प्रतिजैविक वेळेवरच दिलं, नमुन्यांसाठी अडवून धरलं नाही. सांध्याभोवती पिवळट-तपकिरी, चिकट लगदा आणि जाड झालेलं आवरण. वेगवेगळ्या पाच जागांचे तुकडे, प्रत्येक वेळी स्वच्छ हत्याराने, कल्चरला. आवरणाचा वेगळा तुकडा पेशीपरीक्षणाला.

ट्रोकँटर आतून पोकळ होता, अंड्याच्या कवचासारखा. फळी उघडताना तिथे जोर दिला की ट्रोकँटर फळीपासून वेगळा होतो, मग कुल्ल्याचे स्नायू त्याला वर ओढून नेतात. म्हणून फळीच्या खालच्या टोकापासून हळूहळू, रुंद पात्यांनी उचललं आणि स्नायूंचं चिकटणं जपलं. त्याआधी फळीच्या तळाखाली एक तार आवळून घेतली, कारण पाचरीचा स्टेम ठोकताना भेग तिथूनच खाली धावते. स्टेम हाताने ओढताच निघाला. खालचा सिमेंटचा खुंट सी-आर्मखाली मधोमध भोक पाडून काढला. हे भोक तिरपं गेलं तर ड्रिल हाडाबाहेर पडतो, म्हणून समोरून आणि बाजूने दोन्हीकडून पाहत पुढे गेलो.

लायनरमध्ये भोक पाडून स्क्रू फिरवला, स्क्रूचं टोक कपाच्या तळाला टेकलं आणि लायनर वर उचललं गेलं. मग दोन्ही स्क्रू काढले. स्क्रू ठेवून कप हलवून पाहण्यात अर्थ नाही, सैल कपही स्क्रूंवर घट्ट भासतो. कडेवर चारी बाजूंनी ठोकून, कटीच्या हाडाशी जोडावरून पाणी किंवा बुडबुडे येतात का ते पाहिलं. काही आलं नाही. कप ठेवला. स्क्रूच्या भोकांतून पोकळ्या खरवडल्या आणि हाडाचे बारीक तुकडे ठासून भरले. नंतर भोकं बंद केली, नाहीतर सिमेंट दाबताना ते भरलेल्या हाडात घुसतं. कपाची आतली बाजू गुळगुळीत होती, तिच्यावर कठीण बर्रने चरे पाडले. लायनरच्या पाठीवरही चर होते. लायनर कपाच्या कडेबाहेर डोकावता कामा नये, तसं राहिलं तर मान त्यावर आदळते.

मग नळी रीमरने तासत १७ मिमीपर्यंत नेली, जिथे हातांना वळवताना हाडाची घट्ट पकड जाणवली. रीमर खोलवर सैल फिरत असेल तर पुढचं माप घ्यावं. छोट्या मापावर समाधान मानलं तर स्टेम पुढच्या सहा आठवड्यांत खाली उतरतो. स्टेम बसवला, पायांची लांबी जुळवली, ३२ चं हेड लावून सांधा हलवून पाहिला. ट्रोकँटरची पोकळी भरली, फळी जागेवर आणून तीन केबलनी बांधली. केबल फार आवळली तर पातळ फळी चिरते.

पाचही कल्चर चौदा दिवसांनी निरंक. पेशीपरीक्षणात मॅक्रोफेजचे थर, आणि ध्रुवीकृत प्रकाशात त्यांच्या पोटात चमकणारे बारीक कण. न्यूट्रोफिल नगण्य. म्हणजे निदान जुळलं.

पुढचं वर्ष

सहा आठवडे वॉकर, त्या पायावर अर्धवट भार. फळी जुळेपर्यंत पाय बाजूला उचलण्याचा व्यायाम नाही, कारण तोच स्नायू फळी ओढतो. मांडी घालून किंवा उकिडवं बसणं बंद. घरी देशी शौचालय असेल तर त्यावर ठेवायची उंच खुर्ची डिस्चार्जच्या आधी आलेली असावी. ‘घरी गेल्यावर बघू’ यात पहिल्याच आठवड्यात सांधा निखळतो.

सहा आठवड्यांच्या फिल्मवर स्टेम २ मिमी उतरलेला. पाचरीचा स्टेम सुरुवातीला एवढा बसू शकतो. चिंता करायची ती तो उतरतच राहिला तर, म्हणून तीन महिन्यांची फिल्म त्याच मापाने पाहिली: तेच २ मिमी. एका वर्षाला फळी जुळलेली, ३ मधली भिंत जाड होऊ लागलेली, कपामागची भरलेली जागा करडी झालेली. हेडचा मध्य सहा आठवड्यांच्या फिल्मवर कुठे होता ते अंतर, प्रतिमेचा मोठेपणा आणि तारीख त्यांच्या तपासणीच्या वहीत लिहून दिली आहे. पुढची फिल्म पुढच्या वर्षी, त्याच अंतराशेजारी मोजायची. डावा खुबाही त्याच फिल्मवर येईल असा घ्यायचा, कारण रक्तपुरवठ्याचा हा आजार अनेकदा दोन्ही बाजूंना असतो.